खाजणातलं पाणी

स्टॅनमोर स्टेशनातून बाहेर पडलात की लगेच चढ लागतो. ज्युबिली लाइन इथे संपते आणि टेकडी सुरू होते. या चढावरच्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला २०२२च्या उन्हाळ्यात एक तिरपी भेग पडली. तो उन्हाळा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. जुलैत पारा चाळिशीच्या वर गेला, हिरवळीचं गवत बिस्किटासारखं झालं आणि जमीन भेगाळली. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, "तू मातीची इंजिनिअर ना? मग तुझंच घर कसं काय?" मी ओकच्या झाडाकडे बोट दाखवलं. लंडन क्ले ही माती पाणी गेलं की आकसते आणि मिळालं की फुगते, आणि उन्हाळ्यात ते पाणी ओक पितो. पावसाळी हिवाळ्यानंतर भेग बरीचशी मिटली.

पण ही माती आकसणारी असली तरी मऊ नाही, आणि मला सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी ती समुद्राच्या तळाशी गाळ म्हणूनच साचली. तिच्यावर आणखी शे-दोनशे मीटर थर बसले आणि पुढे ते झिजून वाहून गेले. वरचं ओझं गेलं तरी त्या ओझ्याखाली दबल्याची आठवण मातीत राहिली. म्हणून आज तिच्यात फावडं मारलं तर मनगट दुखतं. निसर्गाने आधी भार ठेवला, लाखो वर्षं वाट पाहिली, मग भार काढून घेतला. आम्ही मऊ जमिनीवर तेच करतो. फरक इतकाच, की आमच्याकडे वाट पाहायला एक वर्षसुद्धा नसतं.

मी उरणची. आमचं घर मिठागरांच्या कडेला होतं. खाजण म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेलच: भरतीला पाणी येतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यात खारफुटी. आजी सांगायची, खाजणात थांबायचं नाही, चालत राहायचं. थांबलं की पाय जातो. त्यामागचं शास्त्र कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

गेल्या काही दशकांत त्या खाजणांवर काय काय उभं राहिलं हे वेगळं सांगायला नको. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं, मग त्याच्यामागे कंटेनर यार्ड आणि गोदामं आली, आणि आता उलव्याची टेकडी कापून नवी मुंबईचा विमानतळ झाला. पुढच्या वेळी तिथे उतराल तेव्हा काँक्रीटखाली काय आहे याचा तुम्ही बहुधा विचार करणार नाही. मी करते, सवयीने.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या एका सकाळी माझ्या चुलत भावाचा फोन आला. उरण तालुक्यातल्या आमच्या वाट्याच्या खारजमिनीवर तो गोदाम बांधत होता. बँकेचं कर्ज डोक्यावर होतं, आणि भाड्याने घेणाऱ्या कंपनीला जानेवारीत ताबा हवा होता. "ताई, कंत्राटदार म्हणतो जमीन बसायची तेवढी बसली. आता वरचा भराव उचलतो आणि फ्लोअरिंगला लागतो. तू फक्त हो म्हण."

"आकडे पाठव," मी म्हटलं.

आकडे आले. ते सांगण्यापूर्वी तिथे नेमकं काय चाललं होतं ते सांगते, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

त्या जागेवर दहा मीटर खोल समुद्री चिकणमाती आहे आणि तिच्याखाली कुजलेला बसाल्ट, म्हणजे आपला मुरूम. चिकणमातीचं निम्म्याहून जास्त आकारमान पाणीच असतं. तुम्ही तिच्यावर ओझं ठेवलं की सुरुवातीला ते सगळं ओझं हे अडकलेलं पाणी उचलतं, मातीचे कण नव्हे. पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, तसं ओझं कणांवर येतं, कण जवळ सरकतात, जमीन बसते आणि घट्ट होते. हा हिशेब कार्ल टेर्झागीने १९२५ साली मांडला. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की लागणारा वेळ पाण्याला जायच्या वाटेच्या लांबीच्या वर्गावर ठरतो. वाट दुप्पट झाली तर वेळ चौपट. आमच्या दहा मीटरच्या थरातून पाणी वरून आणि खालून, दोन्हीकडून निघालं तरी मधल्या थेंबाला पाच मीटर जावं लागतं. तिथली माती ज्या वेगाने पाणी सोडते, त्या वेगाने हे काम नव्वद टक्के व्हायला वीसेक वर्षं लागतात. खालचा खडक घट्ट असला आणि पाणी फक्त वरूनच निघू शकलं, तर ऐंशीच्या वर.

ती ठोकून घट्ट का करत नाहीत, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. वाळू ठोकता येते. मोठं वजन उंचावरून टाकलं की वाळूतलं पाणी पटकन सरकतं आणि कण बसतात. चिकणमातीत पाण्याला निघायला वेळच मिळत नाही, त्यामुळे ठोकल्यावर चिखल फक्त बाजूला सरकतो. आजीचा पाय जायचा तसाच.

म्हणून वाट आखूड करायची. एक हातभर रुंदीची नव्हे, फक्त दहा सेंटिमीटर रुंद आणि चार मिलिमीटर जाड अशी प्लास्टिकची पट्टी असते. आत पन्हळी, बाहेर गाळणीचं कापड. तिला बँड ड्रेन म्हणतात. पोकळ पोलादी नळीतून ती मशिनने थेट तळापर्यंत खुपसतात. खाली एक छोटी पत्र्याची चकती तिला अडकवून ठेवते, नळी वर निघते आणि पट्टी जमिनीत राहते. अशा पट्ट्या एक-एक मीटरवर त्रिकोणी जाळीत मारल्या की कुठल्याही थेंबाला पाच मीटर वर जायचं नसतं, अर्ध्या मीटरवरची पट्टी गाठायची असते. पट्टीतून पाणी वर येतं, वाळूच्या अर्ध्या मीटर थरात पोहोचतं आणि तिथून आडवं कडेला निघून जातं. भावाच्या जागेवर हेच केलं होतं. आमच्या हिशेबाने नव्वद टक्क्यांना आठेक महिने. पट्ट्यांमधलं अंतर दीड मीटर ठेवलं असतं तर वीस महिने लागले असते. अंतर वाचवून पैसे वाचवणारे लोक हा वर्ग विसरतात.

वाळूच्या थरावर चार मीटर मुरूम. पण एकदम नाही. तिथल्या चिखलाची ताकद इतकी कमी की चार मीटर एका दमात टाकले असते तर कडेने जमीन फुगून वर आली असती आणि भराव खचला असता. म्हणून जानेवारीत दोन मीटर टाकले. मग थांबले. पाणी निघालं, माती जवळपास दीडपट मजबूत झाली आणि मार्चअखेर उरलेले दोन मीटर चढवले. इथवर कंत्राटदाराचं काम चांगलं होतं, हे सांगायला हवं.

एवढ्या भाराखाली जमीन शेवटी पावणेदोन मीटर बसेल असा अंदाज होता. त्यातले दीड मीटर आम्हाला हवे होते, कारण गोदाम आणि कायमचा भराव यांच्या वजनाने ती तेवढीच बसली असती. जास्तीचं ओझं ठेवायचं ते याच कारणासाठी. जे बसणं गोदामाखाली वर्षानुवर्षं चाललं असतं, ते आधीच उरकून घ्यायचं आणि मग वरचं मुरूम काढायचं. लंडन क्लेवर निसर्गाने केलं तेच.

आता आकडे. मेअखेर जमीन ९८ सेंटिमीटर बसली होती. अपेक्षा १ मीटर १४ सेंटिमीटरची होती, पण एवढी तफावत मी सहज सोडून दिली असती. जूनअखेर पूर्ण १ मीटर. जुलैअखेर १ मीटर १. म्हणजे दोन महिन्यांत तीन सेंटिमीटर. कागदावर रेघ काढली तर ती झपकन खाली येऊन आडवी झालेली दिसते, आणि आडवी रेघ पाहून साइटवरच्या प्रत्येकाला घरी जावंसं वाटतं. अपेक्षेप्रमाणे जुलैअखेर १ मीटर ४० हवे होते. कंत्राटदाराचं म्हणणं होतं, तुमचा अंदाजच चुकला, माती मूळची चांगली आहे.

तसं होऊही शकतं. रेघ आडवी होण्याची दोन कारणं असतात: पाणी संपलं, किंवा पाण्याची वाट बंद झाली. बसण्याच्या मोजमापावरून या दोन्हींतला फरक कळत नाही. तो कळतो पिझोमीटरवरून. मातीत पाच मीटर खाली पुरलेलं हे छोटं यंत्र तिथल्या पाण्याचा दाब सांगतं. पाणी खरोखर निघून गेलं असेल तर तो दाब खाली येऊन मूळच्या पातळीला टेकलेला असतो.

"पिझोमीटरचे रीडिंग कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते आता कोण बघतं ताई. बसणं थांबलंय, दिसतंय की."

हे वाक्य ऐकून मी थोडा वेळ गप्प झाले. का, ते आता सांगते.

नव्वदच्या दशकात, लंडनला येण्यापूर्वी, मी त्याच पट्ट्यातल्या एका गोदामाच्या कामावर होते. कुठलं, कुणाचं, ते सोडा. मी पंचविशीची, साइटवरची एकटी मुलगी, आणि आलेखाची रेघ आडवी झालेली. तिथे तीन पिझोमीटर होते. दोन बंद पडलेले, तिसऱ्यावर दाब अजून बराच दिसत होता. वरिष्ठ म्हणाले, तो खराब आहे, दोन बिघडले तसा हाही बिघडला. बिघडलेलं यंत्र सहसा काहीच दाखवत नाही किंवा वेडंवाकडं दाखवतं. हे मात्र रोज जवळपास तोच आकडा दाखवत होतं, तेही दर आठवड्याला अगदी किंचित उतरत. मला ते दिसत होतं. तरी भराव काढायला हरकत नाही या कागदावर मी सही केली.

दहा वर्षांनी सुट्टीत गेले तेव्हा कुणीतरी मला ते गोदाम दाखवलं. खांब पाइलवर उभे होते, म्हणजे खडकापर्यंत गेलेले, ते जागचे हलले नव्हते. मधली फरशी मात्र खाली गेली होती. प्रत्येक खांबाभोवती उंचवटा आणि दोन खांबांच्या मध्ये खळगा. फोर्कलिफ्टवाला प्रत्येक खांबाशी वेग कमी करून, चुकवत, वळसा घेत चालवत होता. जणू बोटीतून जातोय. कुणी मेलं नाही, कुणावर खटला झाला नाही. फरशी दोनदा नव्याने केली होती म्हणे. मी चहा घेतला आणि निघाले. सही माझी होती हे कुणाला आठवतही नव्हतं.

तर भावाला मी पिझोमीटर वाचायला लावलं. त्याने स्वतः जाऊन, पावसात, फोटो पाठवले. मूळच्या पातळीपेक्षा दाब अजून चार मीटर पाण्याएवढा जास्त होता. भरावाचा एकूण दाब सात मीटर पाण्याएवढा. म्हणजे अर्ध्याहून अधिक ओझं अजून पाण्याच्याच डोक्यावर होतं. आणि त्या दाबातून हिशेब केला तर जमीन एक मीटरच्या आसपास बसलेली असायला हवी होती, तेवढीच ती होती. दोन वेगळी मोजमापं एकमेकांना दुजोरा देत होती. म्हणजे यंत्र खराब नव्हतं आणि मातीही मूळची चांगली नव्हती.

मग प्रश्न उरला, पाणी अडलं कुठे? पट्ट्या मुरगळल्या असत्या, गाळाने बुजल्या असत्या, तर वेग सुरुवातीपासूनच कमी असता किंवा हळूहळू मंदावला असता. इथे तो जूनमध्ये अचानक बसला. जूनमध्ये काय झालं, हे उरणच्या माणसाला सांगायला लागत नाही. पाऊस आला.

मी भावाला म्हटलं, भरावाच्या मधोमध वाळूच्या थरापर्यंत एक भोक घ्या आणि जाळीदार पाइप उभा करा. दुसऱ्या दिवशी त्याने त्यात दोरी सोडली. पाणी वाळूच्या थरापासून तीन मीटर वर उभं होतं. म्हणजे जो थर कोरडा, उघडा, पाणी वाहून नेणारा असायला हवा, तो भरलेल्या टाकीसारखा तुंबला होता. पट्ट्या मातीतलं पाणी या टाकीत ढकलायचा प्रयत्न करत होत्या आणि टाकीच त्यांना उलटा दाब देत होती.

कारणं दोन निघाली. जमीन बसते ती बशीसारखी, मध्ये जास्त आणि कडेला कमी. मध्ये एक मीटर खाली गेलेल्या वाळूच्या थरातलं पाणी कडेला जाणार कसं? ते चढ चढत नाही. म्हणून भरावात अगोदरच विहिरीसारखे खड्डे ठेवून पंप लावायचे असतात. आराखड्यात ते होते. साइटवर दोन होते, पण पंप मेमध्ये दुसऱ्या कामाला नेले होते, कारण त्यात पाणी कमी येत होतं. दुसरं कारण आणखी साधं. पावसाळ्यात डंपर चिखलात अडकू नयेत म्हणून कडेने मुरूम टाकून रस्ता केला होता, आणि तो नेमका वाळूच्या थराच्या तोंडावर दाबून बसवला होता. वरून पडलेला पाऊस भरावातून झिरपून आत जात होता आणि बाहेर पडायची दोन्ही दारं बंद होती.

कंत्राटदाराने तेव्हा दुसरा मार्ग सुचवला, आणि तो वेडगळ नव्हता. आता भराव राहू द्या, थांबू नका, दगडी खांब घाला. म्हणजे कंप पावणारी जाड नळी तळापर्यंत उतरवायची, तिने केलेल्या भोकात खडी भरत, दाबत वर यायचं. नव्वद सेंटिमीटर व्यासाचा खडीचा खांब तयार होतो. तो ओझं घेतो, शिवाय पट्टीसारखा पाणीही काढतो. भारतात या दोन्ही पद्धतींसाठी एकच मानक आहे, आयएस १५२८४, पहिला भाग दगडी खांबांचा आणि दुसरा उभ्या निचऱ्यांचा.

पण खडीच्या खांबाला स्वतःची ताकद नसते. सभोवतालची माती त्याला कमरेला धरून ठेवते म्हणून तो उभा राहतो. माती फार मऊ असली की वरच्या तीन-चार मीटरमध्ये खांब पोटासारखा फुगतो. त्या फुगण्याचा अंदाज खडीच्या हिशेबावरून येतो. मीटरमागे साधारण पाऊण-पाव घनमीटरच्या मध्ये कुठेतरी नव्हे, तर जवळपास पाऊण ते एक घनमीटर सैल खडी जायला हवी. कुठे खूप जास्त गेली तर माती तिला धरत नाही. मऊ थरात अचानक कमी गेली तर आणखी वाईट, तिथे चिखल आत घुसून खांबाची मान आवळली गेली आहे. शिवाय दोन मीटरच्या अंतराने खांब घातले तरी उरलेलं बसणं फार तर एक तृतीयांशाने कमी झालं असतं. पाऊण मीटरचे अर्धा मीटर. फरशीला अर्धा मीटरही पुष्कळ झाला. खांब वाईट नव्हेत. घाई असेल, माती थोडी बरी असेल, वर बांध किंवा टाकी असेल आणि थोडं बसणं चालणार असेल, तर मीही तेच सांगितलं असतं. इथे पट्ट्यांचे पैसे जमिनीत गेलेले होते आणि त्या धड होत्या. फक्त दार उघडायचं होतं.

भाऊ माझ्यावर रागावला. तसं त्याने बोलून दाखवलं नाही, पण "तिकडे बसून बोलणं सोपं आहे" इतकं म्हणाला. ते खरंही होतं. जानेवारीचा ताबा हुकणार होता. हप्ता माझ्या खात्यातून जाणार नव्हता. मी त्याला पंचविशीतल्या सहीची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पंप किती लागतील?"

चार लागले. रस्ता उकरून कडेने चर काढले, मध्ये दोन नवे खड्डे घेतले. चर उघडला त्या दिवशीचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. वाळूच्या थरातून पाणी इतक्या जोरात आलं की चराची एक बाजू ढासळली आणि उभी असलेली माणसं हसत मागे पळाली. पुढच्या आठवड्यात जमीन साडेचार सेंटिमीटर बसली. दोन महिन्यांत तीन सेंटिमीटर बसलेली जमीन, एका आठवड्यात साडेचार.

मग मात्र दर सोमवारी रीडिंग येत गेलं. भाऊ आता स्वतः पिझोमीटर वाचायला शिकला होता आणि मला चुका काढून दाखवायचा. आधी वेग साडेचार, मग साडेतीन, मग दोन. रेघ पुन्हा आडवी होऊ लागली, पण या वेळी दाबही तिच्याबरोबर खाली येत होता. डिसेंबरच्या मध्यावर बसणं १ मीटर ५५ झालं आणि जास्तीचा दाब एक मीटर पाण्याच्या जवळ आला. वरचं मुरूम उचलताना दाब झपकन आणखी खाली गेला आणि जमीन दीड सेंटिमीटर वर आली. त्यावर भावाचा घाबरून फोन आला. ओझं काढलं की ती थोडी उसळते, मी सांगितलं, चांगलं लक्षण आहे.

कंपनीला ताबा एप्रिलमध्ये मिळाला. तीन महिन्यांचं भाडं गेलं आणि कर्जाचे हप्ते आम्ही दोघांनी मिळून भरले.

एक गोष्ट मी त्याला स्पष्ट सांगितली आहे, तुम्हालाही सांगते. पट्ट्या फक्त जिथपर्यंत पोहोचतात तिथपर्यंतचंच काम करतात. जपानमधल्या ओसाकाजवळचा कान्साई विमानतळ समुद्रातल्या भरावावर बांधला, १९९४ साली सुरू झाला. वरच्या मऊ थरात वाळूचे निचरे होते आणि तो थर वेळेत बसला. पण त्याखाली आणखी शेकडो मीटर जुनी चिकणमाती होती, तिथवर कुणाचे हात पोहोचत नव्हते. बेट अकरा मीटरहून जास्त बसलं आणि अजूनही थोडं थोडं बसतंच आहे. आमच्याकडे दहा मीटरवर बसाल्ट लागतो. सह्याद्रीचे उपकार.

भाऊ मार्चमध्ये पहिल्यांदाच लंडनला आला होता. मागच्या अंगणात उभा राहून त्याने भिंतीवरची भेग पाहिली, बोटाने चाचपली, वाकून ओककडे पाहिलं. मग खिशातून पेन्सिल काढून भेगेच्या दोन्ही टोकांना खूण केली आणि शेजारी तारीख लिहिली.